चौदा दिवसांचा हिशेब आणि अठ्ठावीस दिवसांचं पाणी

जूनच्या शेवटच्या रविवारी रात्री ताईने मला तिच्या वजनाच्या आणि कॅलरींच्या एक्सेलचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "परत १४५० वर जायचंय. आता मी वेडी व्हायची तेवढी बाकी आहे."

ताई म्हणजे माझी मावसबहीण. वय ४३, राहायला ठाण्यात पोखरण रोड नंबर दोनला, नोकरी ऐरोलीत. सकाळी उपवन तलावाच्या कडेने फेरी, मग ठाणे स्टेशनवरून ट्रान्स हार्बर. अन्न मोजायला ती काही नवी नाही, चार वर्षं झाली. कणीक, तांदूळ, डाळ कच्चीच मोजते, तेलाची बाटली फोडणीआधी आणि नंतर काट्यावर ठेवते. कँटीनची थाळी खाल्ली की अंदाज वरच्या बाजूला धरते. त्यामुळे "नीट लिहीत नसशील" हे तिला सांगणं अपमानच, आणि तरीही पहिल्यांदा मी तेच बोलले. ते पुढे येईलच.

मेच्या दुसऱ्या सोमवारपासूनचे आकडे होते. त्याआधी तीन आठवडे ती कमी खातच होती, म्हणजे सुरुवातीला ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर, जे पाणी भराभर उतरतं ते उतरून गेलं होतं. लक्ष्य होतं आठवड्याला ०.३५ किलो घट, वजनाच्या साधारण अर्धा टक्का. रोज सकाळी संडासला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन, आणि सोमवार ते रविवार अशी सात दिवसांची सरासरी. दर दोन आठवड्यांनी हिशेब.

हिशेबाची पद्धतही बरोबर होती. लागोपाठच्या दोन आठवड्यांच्या सरासऱ्या वजा करून ती त्याला "दोन आठवड्यांची घट" म्हणत नव्हती. ही चूक मुरलेली माणसंही करतात. पहिल्या आठवड्याच्या सरासरीचा मध्य गुरुवारी येतो आणि दुसऱ्याचा पुढच्या गुरुवारी, म्हणजे मध्ये सातच दिवस गेलेले असतात. त्या घटीला दोनाने भागलं की वेग निम्मा दिसतो आणि माणूस उगाच खाणं कमी करतो. ताई पहिल्याशी तिसरा आठवडा लावत होती, तिसऱ्याशी पाचवा. म्हणजे खरेच चौदा दिवस.

फरकाचं कॅलरीत रूपांतर नेहमीचंच. किलोभर चरबीयुक्त ऊतीत साधारण ७७०० कॅलरी धरल्या तर आठवड्याला एक किलोचा फरक म्हणजे दिवसाला ११००. प्रत्यक्ष वेग आणि लक्ष्य यांतला फरक गुणिले ११००. आलेल्या आकड्याच्या जेमतेम निम्माच बदल ती करायची, कारण वजनाच्या आकड्यात गडबड असते हे तिला ठाऊक होतं. इतकं सगळं बरोबर करूनही तिचा तक्ता असा दिसत होता:

| आठवडा | सरासरी वजन | खाल्लेल्या कॅलरी (रोज) | हिशेबानंतरचा निर्णय |
|---|---|---|---|
| १ | ७१.६ | १६५० | – |
| ३ | ७१.७ | १६५० | २०० कमी |
| ५ | ७०.१ | १४५० | २५० जास्त |
| ७ | ७०.२ | १७०० | परत २५० कमी? |

पहिल्या दोन आठवड्यांत वजन १०० ग्रॅम वाढलं. लक्ष्य आठवड्याला उणे ०.३५, प्रत्यक्षात अधिक ०.०५, फरक ०.४०, म्हणजे दिवसाला ४४०. निम्मे धरून २०० कमी केले. पुढच्या दोन आठवड्यांत १.६ किलो उतरलं, आठवड्याला ०.८. हे फार झालं म्हणून आता उलटा हिशेब, फरक ०.४५, दिवसाला जवळजवळ ५००. निम्मे, म्हणजे २५० वाढवले. त्यानंतर पुन्हा १०० ग्रॅम वाढ. आणि मग तो मेसेज.

माझी पहिली शंका जेवणावर गेली. १७०० वर आली तेव्हा हात सैल सुटला असेल, शनिवारी मामलेदारची मिसळ झाली असेल आणि तर्री लिहिली नसेल, असं वाटलं. फोन करून विचारलं. ताई म्हणाली, "मिसळ झाली, पाव मोजून दोन, वर तेल जास्तीचं धरलंय. पुढे बोल." मग वाटलं, मिठाचं पाणी असेल. पण मिठाने चढलेलं पाणी दोन-तीन दिवसांत उतरतं, आणि सातव्या आठवड्याचे सातही दिवस वर होते. चढ-उतार नव्हताच, अख्खा आठवडाच वर उचललेला.

तेव्हा मी तक्त्याचे आकडे सोडून फक्त चिन्हं पाहिली. वर, खाली, वर. खाणं बदललं म्हणून असं झालं, हे पटण्यासारखं नव्हतं. दोनशे कॅलरींच्या बदलाने दोन आठवड्यांत जास्तीत जास्त ०.३६ किलोचा फरक पडतो, इथे दोन हिशेबांमध्ये १.७ किलोचा फरक होता. इतक्या नियमाने हिंदकळणारी गोष्ट जेवणात सापडणार नव्हती.

"ताई, पाळीच्या तारखा कुठे लिहितेस?"

"मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये. का?"

तारखा शेजारी मांडल्या आणि पाचच मिनिटांत सगळं उलगडलं. पहिला आणि पाचवा आठवडा म्हणजे पाळी सुरू झाल्यापासूनचा दिवस ८ ते १४. तिसरा आणि सातवा म्हणजे दिवस २२ ते २८, पाळीच्या अगदी आधीचा आठवडा. बऱ्याच बायकांच्या अंगात पाणी धरून राहतं ते नेमकं तेव्हा आणि रक्तस्राव सुरू होण्याच्या सुमारास, आणि पाळी संपता संपता ते ओसरतं. किती धरतं हे बाईगणिक वेगळं. कुणाला काट्यावर जाणवतसुद्धा नाही, कुणाला किलोच्या वर जातं. ताईच्या मागच्या वर्षीच्या, वजन स्थिर असतानाच्या नोंदी काढल्या, तर पाळीआधीचा आठवडा मधल्या आठवड्यापेक्षा सरासरी ०.७ किलो वर निघाला.

आता गंमत अशी, की तिचं चक्र २७ ते २९ दिवसांचं आणि हिशेब १४ दिवसांनी. चौदा म्हणजे अठ्ठावीसच्या बरोबर निम्मे. म्हणजे प्रत्येक हिशेबात ती सगळ्यात कोरडा आठवडा सगळ्यात फुगलेल्या आठवड्याशी लावत होती, कधी या बाजूने कधी त्या. सुरुवातीची तारीख आठवडाभर मागेपुढे असती तरी खोट कमी झाली असती, गेली नसती. दहा दिवसांनी किंवा तीन आठवड्यांनी हिशेब केला असता तर गडबड वेडीवाकडी दिसली असती आणि कदाचित लवकर संशय आला असता. चौदा दिवसांत ती इतक्या शिस्तीत येते की खऱ्या बदलासारखीच वाटते. वर, निम्माच बदल करण्याच्या सावधगिरीचा इथे काही उपयोग नाही. ती सावधगिरी आज वर आणि उद्या खाली, अशा बेभरवशाच्या गडबडीवर चालते. जी गडबड दर वेळी ठरलेल्या बाजूला ढकलते, तिच्यापुढे निम्मं केलं तरी ढकललं जाणं चुकत नाही.

मग तोच तक्ता अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने वाचला. कोरडा आठवडा कोरड्याशी: पहिल्यात ७१.६, पाचव्यात ७०.१. चार आठवड्यांत १.५ किलो. फुगलेला फुगलेल्याशी: तिसऱ्यात ७१.७, सातव्यात ७०.२. परत १.५. तक्त्यात न दाखवलेला दुसरा आणि सहावा आठवडा लावला, ७१.३ आणि ६९.९, तिथे १.४. म्हणजे सगळा वेळ ताई आठवड्याला ०.३५ ते ०.३७ ने उतरत होती. लक्ष्यावरच होती. ज्या सहा आठवड्यांत तिने दोनदा आकडा फिरवला आणि तिसऱ्यांदा फिरवायला निघाली, त्यांत फिरवण्यासारखं काहीच घडलं नव्हतं.

पण लक्ष्यावर होती म्हणजे नेमकी कोणत्या आकड्यावर? १६५०, १४५० आणि १७०० यांची मिसळ झाली होती. म्हणून इथे वेगातला फरक काढून भागत नाही, शरीराचा दिवसाचा कॅलरींचा खर्च काढावा लागतो. त्या काळात प्रत्यक्ष खाल्लेल्या कॅलरींची रोजची सरासरी, अधिक घटलेल्या वजनातून निघालेल्या कॅलरी. आणि खाण्याची सरासरी कोणत्या दिवसांची? एका आठवड्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंतची, म्हणजे गुरुवार दुपार ते गुरुवार दुपार, कारण वजनाच्या सरासऱ्याही तिथेच उभ्या असतात. पहिल्या ते पाचव्या आठवड्याच्या त्या २८ दिवसांत साडेसतरा दिवस १६५० आणि साडेदहा दिवस १४५०, सरासरी १५७५. घट १.५ किलो, गुणिले ७७००, भागिले २८, म्हणजे दिवसाला ४१२. खर्च १९८७. तिसऱ्या ते सातव्याचा तसाच काढला तर १९८१. दोन वेगवेगळ्या जोड्यांमधून इतकं जवळचं उत्तर यावं हे मलाही जरा जास्तच छान वाटलं, नशीबही त्यात असणार.

१९८५ मधून लक्ष्याचे ३८५, म्हणजे ०.३५ गुणिले ११००, वजा केले, १६०० आले. ताईला सांगितलं, १४५० नको आणि १७०० पण नको, १६०० वर बस. पुढचा हिशेब दोन आठवड्यांनीच कर, पण मागे बघताना चार आठवडे मागे बघ.

हा मुद्दा तिला एकदम पटला नाही. "मग दोन आठवड्यांनी कशाला करायचा? महिन्यानेच करते की." फरक आहे. दोन आठवड्यांनी केला की एकदा कोरड्या आठवड्यांची जोडी मिळते आणि एकदा फुगलेल्यांची, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. खर्च खरंच घसरत असेल तर तो महिनाभर थांबून कळण्याऐवजी पंधरवड्यात अर्धामुर्धा दिसायला लागतो. लागोपाठच्या दोन हिशेबांचे निम्मे दिवस सामाईक असतात, हे मात्र लक्षात ठेवायचं. दोन्हींनी एकच सांगितलं तर ते दोन साक्षीदार नव्हेत, फार तर दीड.

लांब अंतराचा आणखी एक फायदा पाळीशी संबंधित नाही, तो पुरुषांनाही लागू आहे. रोजच्या वजनात ०.४ किलोची नेहमीची हलचल धरली, तर सात दिवसांच्या सरासरीत साधारण ०.१५ उरते आणि दोन सरासऱ्यांच्या वजाबाकीत ०.२ च्या आसपास. ती दोन आठवड्यांवर पसरली तर आठवड्याला ०.१, म्हणजे दिवसाला ११०-१२० कॅलरींची धूसरता. चार आठवड्यांवर पसरली तर ६० च्या आसपास. लागोपाठच्या दिवसांची वजनं एकमेकांना धरून असतात, म्हणून खरी धूसरता याहून थोडी जास्तच. तेव्हा चौदा दिवसांच्या हिशेबात ८० किंवा १०० कॅलरींचा फरक निघाला म्हणून कुणी वाटीभर भात कमी करत असेल, तर तो काट्याच्या हलचलीला उत्तर देतोय. ताईशी ठरवलं ते असं: चार आठवड्यांच्या जोडीतून निघालेला आकडा सध्याच्या आकड्यापासून ७५ च्या आत असेल तर हात लावायचा नाही.

नवव्या आठवड्यात हे लगेच कामी आलं. कोरडा आठवडा, सरासरी ६८.९. पाचव्याशी लावलं तर १.२ किलो, आठवड्याला ०.३०. जुन्या सवयीने ताई म्हणाली, कमी आहे. पण त्या २८ दिवसांत १७०० चे दोन आठवडे होते, खाण्याची सरासरी १६३१ होती. खर्च निघाला १९६१, लक्ष्यासाठीचा आकडा १५७६. सध्याच्यापेक्षा २४ कमी. सोडून दिलं. वेग लक्ष्यापेक्षा कमी दिसत असूनही काही करायचं नव्हतं, कारण तो वेग बराचसा जुन्या १७०० चा होता.

अकराव्यात मात्र प्रकरण खरं निघालं. जुलैचा शेवट, फुगलेला आठवडा, सरासरी ६९.३. सातव्यात ७०.२ होती, म्हणजे चार आठवड्यांत ०.९ किलोच. खाण्याची सरासरी १६१२, घटीतून दिवसाला २४७, खर्च १८६०. लक्ष्यासाठी १४७५. फरक १२५, आमच्या ७५ च्या रेषेबाहेर.

इथे आकडा बदलण्याआधी मी दोन गोष्टी विचारते. पहिली, लिहिण्यात काही बदललंय का. कायमची चूक चालते. ताई रोज १०० कॅलरी कमी लिहीत असेल तर निघणारा खर्चही १०० ने कमी निघतो आणि लक्ष्याचा आकडा तिच्याच मापात बरोबर येतो. त्रास देते ती मधूनच सुरू झालेली चूक: डबा सोडून कँटीन, नवी कढई, भात कच्चा मोजायच्या ऐवजी शिजलेला. कच्च्या तांदळाच्या शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी, शिजलेल्याला १३०. तिथे गल्लत झाली तर सगळा हिशेबच गेला. ताईकडे यातलं काही नव्हतं.

दुसरी, पावलं. तिथे सापडलं. मे-जूनमध्ये रोजची सरासरी १०,२०० होती, जुलैत ६,३००. जून तिने छत्री घेऊन रेटला होता, जुलैच्या धारेत उपवनची फेरी बंदच पडली. चालण्याचा निव्वळ खर्च साधारण किलो वजनामागे दर किलोमीटरला अर्धी कॅलरी. ३,९०० पावलं म्हणजे तिच्या चालीने अडीच किलोमीटरवर, ७० किलोला नव्वदच्या आसपास कॅलरी. खर्चातली १२५ ची घसरण बरीचशी इथेच संपली. उरलेलं अडीच-तीन किलो हलक्या झालेल्या शरीराचं आणि धूसरतेचं.

मी म्हटलं, पार्किंगमध्ये फेऱ्या मार, कोरडं असतं. ताई म्हणाली, "त्या गाड्यांच्या धुरात? तू मार." मग १५०० ठरलं, दुपारच्या डब्यातली एक पोळी गेली. ३० ग्रॅम कणकेची पोळी, तिथे शंभर निघतात. या वेळी निम्मा बदल केला नाही, कारण काट्याखेरीज पावलांचीही साक्ष होती.

पुढचा हिशेब तेराव्या आठवड्यात व्हायचा होता, पण त्या वेळी पाळी चार दिवस उशिरा आली. ४३ व्या वर्षी हे होणारच, आणि कॅलेंडरचे आठवडे धरून बसलं की इथून पुढे पद्धत पुन्हा कोलमडते. म्हणून सोमवार सोडला आणि पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवा ते चौदावा हे सात दिवस घेतले, मग ते शुक्रवारी सुरू होवोत की आणखी कधी. त्या सात दिवसांची सरासरी ६७.६. नवव्या आठवड्याच्या ६८.९ पासून १.३ किलो, पण २८ नव्हे, ३२ दिवसांत. खाण्याची सरासरी १५५५, घटीतून दिवसाला ३१३, खर्च १८६८.

या उशिराने मागच्या निर्णयावरही थोडा प्रकाश पडला. पाळी लांबते तेव्हा बहुतेक वेळा चक्राचा पहिला भाग लांबलेला असतो, पाळीआधीचा टप्पा साधारण तेवढाच राहतो. म्हणजे अकरावा आठवडा वाटला तितका पाळीजवळ नव्हता, त्यात फुगवटा सातव्यापेक्षा कमी असणार, आणि खरी घट त्या ०.९ पेक्षाही कमी असू शकते. म्हणून नुसत्या फुगलेल्या आठवड्यांच्या जोडीवर मी आता निर्णय घेत नाही. पाळी कधी येणार हे त्या आठवड्यात बसून खात्रीने कळत नाही, येऊन गेली हे मात्र नक्की कळतं. ज्यांची पाळी दोन-दोन महिने येत नाही, किंवा ज्या हार्मोनच्या गोळ्यांवर आहेत, त्यांना ही मांडणी लावता येणार नाही. त्यांनी सहा-आठ आठवड्यांची सरळ रेष काढून तिचा उतार पाहावा आणि पंधरवड्याच्या हिशेबाला निर्णयाचा हक्क देऊ नये.

१८६८ मधून ३८५ गेले, १४८३ राहिले. ताईचा मेसेज आला: "१७ चा फरक. पोळी परत मिळत नाही म्हणजे."

मी लिहिलं, पाऊस थांबू दे, उपवन सुरू कर, मग बघू.